रिफंड झाला म्हणतात, पण पैसे कुठे आहेत?
ॲपवरून घेतलेली वस्तू परत करणे आणि पैशांचा माग काढणे



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले, तर सतरंजीवर सगळ्या जणी होत्या, पण बोलत कोणीच नव्हतं. बचत गोळा झाली, हप्ते झाले. मग कोषाध्यक्ष ताई हळूच म्हणाल्या, "मॅडम, मशीनचे पैसे अजून जमा नाहीत. ॲपवर तर 'परत केले' असं दिसतंय." सचिव ताईंनी मान खाली घातली. मागच्या ओळीतून कोणीतरी पुटपुटलं, "आले असतील, सांगत नसतील."

प्रश्न 1,499 रुपयांचा होता. पण ती कुजबुज पंधरा दिवस चालू राहिली असती, तर सचिव ताईंनी पद सोडलं असतं, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं. पैसे कोणी खाल्ले नव्हते आणि बुडालेही नव्हते. ते आठवडाभर आधीच येऊन पडले होते, फक्त कुठे पडले ते कोणाला कळत नव्हतं. त्यांच्या परवानगीने तीच हकीगत धरून आजचा पाठ लिहिते आहे. वस्तू परत कशी करायची ते पुष्कळ जणींना मुलं-पुतणे शिकवतात. परत गेलेल्या वस्तूचे पैसे शोधायचे कसे, ते मात्र कोणी शिकवत नाही.

काय घडलं होतं

हा गट पापड करतो. पाकीट बंद करायला त्यांना हाताने दाबायचं सील मशीन हवं होतं. अर्ध्या किलोच्या पाकिटाची रुंदी दहा इंच, म्हणून बैठकीत ठरवून 12 इंची मशीन मागवलं. ऑर्डर सचिव ताईंच्या मोबाईलवरून दिली. मशीनचे 1,499 आणि घरी पैसे देण्याच्या सोयीचे 10, असे 1,509 रुपये गटाच्या रोख रकमेतून डिलिव्हरीवाल्याला दिले.

पार्सल 4 तारखेला आलं. खोका उघडला तर मशीन छोटं वाटलं. ताईंनी शिलाईची टेप लावली, तर सील करायची पट्टी भरली 8 इंच. म्हणजे वस्तू बिघडलेली नव्हती, चुकीच्या मापाची आली होती. इथे ताईंनी एक गोष्ट फार शहाणपणाने केली. मशीन विजेला लावून बघितलंच नाही. पट्टीवर एकदा जळका डाग पडला असता, तर समोरचा म्हणाला असता की तुम्ही वापरून परत करताय.

परत की बदली: आधी हे ठरवा

ॲपमध्ये ‘My Orders’ किंवा ‘माझ्या ऑर्डर्स’ मध्ये जाऊन वस्तूवर बोट लावलं की खाली ‘Return’ आणि ‘Exchange’ किंवा ‘Replace’ असे शब्द दिसतात. ‘Return’ म्हणजे वस्तू द्या, पैसे घ्या. ‘Exchange’ आणि ‘Replace’ म्हणजे ही वस्तू द्या, दुसरी घ्या, पैसे परत नाहीत.

कपड्याचं किंवा चपलेचं माप चुकलं असेल तर बदली सोपी पडते. नवीन वस्तू घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा जुनी वस्तू त्याच फेरीत घेऊन जातो. विक्रेत्याकडे माल संपला असेल तर बदली आपोआप रद्द होते आणि पैसे परत मिळतात. पण एक लक्षात ठेवा. बदलून आलेली वस्तू पुन्हा परत करता येईलच असं नाही, काही ठिकाणी एकदाच मुभा असते. आमच्या गटाला वाटलं, ज्याने 12 च्या जागी 8 पाठवलं तो पुन्हा तेच पाठवेल. म्हणून त्यांनी पैसे परत घेऊन तालुक्याच्या बाजारातून मशीन आणायचं ठरवलं.

दोन गोष्टी मात्र ऑर्डर देण्याआधीच बघायच्या असतात. पहिली म्हणजे मुदत. ती वस्तूच्या पानावरच लिहिलेली असते, आमच्या मशीनला 7 दिवस होती. हे दिवस वस्तू हातात पडली त्या तारखेपासून मोजतात, आपण खोका उघडला त्या दिवसापासून नाही. दुसरी गोष्ट म्हणजे परत घेण्याचा प्रकार. काही ॲपवर एकाच वस्तूचे दोन भाव दिसतात. कमी भावात घेतलं तर वस्तू फक्त चुकीची किंवा खराब निघाली तरच परत करता येते. थोडा जास्त भाव दिला तर 'आवडली नाही' म्हणूनही परत करता येते. विजेच्या काही वस्तूंना तर फक्त बदलीच असते, पैसे नाहीत. ते पाच-पंचवीस रुपये कशासाठी वाचतायत ते वाचून घ्या.

कारण नीट निवडा

‘Return’ दाबलं की ॲप कारण विचारतं. खाली यादी येते: आवडली नाही, आता गरज नाही, खराब निघाली, चुकीची वस्तू आली, वगैरे. घाईत बऱ्याच जणी पहिलंच कारण दाबतात. तिथेच नुकसान होतं. 'आवडली नाही' म्हटलं की चूक आपल्याकडे येते आणि काही ठिकाणी परतीचा खर्चही कापला जातो. 'चुकीची वस्तू आली' म्हटलं की चूक विक्रेत्याकडे जाते. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांत हे स्पष्ट आहे. वस्तू सदोष असेल, किंवा पानावर सांगितल्यापेक्षा वेगळी असेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नाही म्हणता येत नाही.

खरं कारणच निवडा आणि त्याला फोटो जोडा. आमच्या ताईंनी तीन फोटो दिले: पट्टीवर टेप लावलेला, ज्यात 8 चा आकडा दिसतोय, खोक्यावरच्या पत्त्याच्या चिठ्ठीचा, आणि ॲपवरच्या ज्या पानावर 12 इंच लिहिलंय त्याचा स्क्रीनशॉट. तिसरा फोटो विसरू नका. पान नंतर बदलू शकतं. पार्सल उघडताना कोणाला तरी मोबाईलवर सलग व्हिडिओ घ्यायला सांगितलं, तर याहून बरा पुरावा नाही. सुरुवात बंद खोक्यापासून आणि पत्त्याच्या चिठ्ठीपासून करा.

पैसे कुठे हवेत, हा प्रश्न सर्वात महत्त्वाचा

पुढच्या पानावर ॲप विचारतं, पैसे कुठे पाठवू? आमच्या गटाचा गोंधळ इथेच झाला, म्हणून जरा थांबून वाचा.

वस्तू आल्यावर रोख पैसे दिले असतील, तर परतीचे पैसे रोख मिळत नाहीत. वस्तू न्यायला येणारा मुलगा पैसे देत नाही, त्याच्याशी भांडू नका. ॲप बँक खातं मागतं, नाहीतर यूपीआय आयडी मागतं. काही ॲप 'आमच्या पाकिटात' पैसे ठेवायचाही पर्याय देतात. ते पाकीट म्हणजे त्याच ॲपवर पुन्हा खरेदी करायची रक्कम. ती सहसा बँकेत काढता येत नाही. गटाचे पैसे असतील तर तो पर्याय घेऊच नका.

ऑर्डर देतानाच ऑनलाइन पैसे भरले असतील, तर पैसे साधारणपणे ज्या वाटेने गेले त्याच वाटेने परत येतात. म्हणजे शेजारच्या मुलाने त्याच्या मोबाईलवरून तुमच्यासाठी पैसे भरले असतील, तर रिफंड त्याच्या खात्यात जाईल. त्याला आधीच सांगून ठेवा.

बँक खातं दिलं तर खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड पासबुकात बघून भरा, पाठ आहे म्हणून भरू नका. पैसे खाते क्रमांकावर जातात, नावावर नाही. एक आकडा चुकला तर पैसे दुसऱ्याच्या खात्यात जाऊ शकतात.

यूपीआय आयडी दिला, तर तो आयडी कोणत्या खात्याला जोडलेला आहे ते आधी बघा. एका मोबाईलच्या यूपीआयला दोन-तीन खाती जोडलेली असू शकतात. त्यातलं एक मुख्य असतं. बाहेरून येणारे पैसे त्या मुख्य खात्यात पडतात. यूपीआयच्या ॲपमध्ये आपल्या नावाच्या चित्रावर बोट लावून बँक खात्यांची यादी उघडली, की मुख्य खात्यापुढे ‘Primary’ असं लिहिलेलं दिसतं.

आमच्या ताईंनी मोबाईलवर आपोआप दिसला तो यूपीआय आयडी दिला आणि पुढे गेल्या.

वस्तू देताना दारात काय करायचं

परतीची विनंती 5 तारखेला झाली. 7 तारखेला नेणाऱ्याचा फोन आला तेव्हा ताई कापूस वेचायला गेल्या होत्या आणि मोबाईल घरात. संध्याकाळी ॲपवर 'ग्राहक भेटला नाही' असं आलं. असं दोन-तीनदा झालं की परतीची विनंती रद्द होऊ शकते, आणि तोवर मुदत संपलेली असते. ताईंनी लगेच ॲपमधून दुसरा दिवस निवडला आणि शेजारच्या काकूंकडे पार्सल ठेवलं.

पार्सलमध्ये जे आलं ते सगळं परत जायला हवं. सील मशीनबरोबर एक जादा तापणारी तार आणि एक जादा कापडी पट्टी छोट्या पिशवीत आली होती. ती राहिली असती तर 'वस्तू अपुरी' म्हणून परत नाकारली गेली असती. नेणाऱ्यासमोर फोटो काढा. तो दारात उभा असतानाच ॲप उघडून बघा, ‘Picked up’ असं आलं की नाही. आलं नसेल तर त्याच्याकडून पावती किंवा मेसेज घ्या. पार्सल हातातून गेलं आणि ॲपवर नोंद नाही, अशी अवस्था नको.

काही गावांत वस्तू न्यायला कोणी येत नाही. तिथे ॲप सांगतं की तुम्हीच कुरिअर किंवा पोस्टाने पाठवा. तसं केलं तर पोस्टाची पावती जपून ठेवा, तिच्यावरच्या क्रमांकाशिवाय पुढे काहीच सिद्ध होत नाही.

आता पैशांचा माग

आमचं मशीन 8 तारखेला गेलं. 14 तारखेला ॲपवर हिरव्या रंगात ‘Refund completed’ आलं. ताईंनी कोषाध्यक्षांना दाखवलं. दोघी 17 तारखेला बँकेत गेल्या, पासबुक भरून घेतलं. नोंद नाही. 21 तारखेच्या बैठकीत मी पोचले तेव्हाची गोष्ट तुम्ही वाचलीतच.

हे हिरवं अक्षर काय सांगतं ते समजून घ्या. वस्तू निघाल्यापासून पैसे खात्यात येईपर्यंत तीन टप्पे असतात. पहिला, वस्तू त्यांच्या गोदामात पोचते आणि तपासली जाते. दुसरा, कंपनी पैसे सोडते. तिसरा, बँक ते खात्यात जमा करते. ॲपला दुसऱ्या टप्प्यापर्यंतचं नीट माहीत असतं. पैसे तुमच्या नेमक्या कोणत्या पासबुकात दिसतील, हे ॲप सांगत नाही.

ते सांगतो एक नंबर. त्याला यूटीआर म्हणतात. पडद्यावर तो ‘UTR’, ‘RRN’ किंवा ‘Reference number’ अशा नावाने दिसतो. मनीऑर्डरच्या पावतीवर नंबर असायचा ना, तसाच हा. बँकेतून बँकेत जाणाऱ्या प्रत्येक रकमेला असा वेगळा नंबर मिळतो. यूपीआयने पैसे आले असतील तर तो 12 आकडी असतो. एनईएफटीने आले असतील तर 16 अक्षरं-आकड्यांचा असतो.

आम्ही ॲपमध्ये ती ऑर्डर उघडली, ‘Refund details’ वर बोट लावलं. तिथे चार गोष्टी होत्या: रक्कम 1,499; तारीख 14; ताईंचा यूपीआय आयडी; आणि 12 आकडी नंबर. स्क्रीनशॉट काढला, नंबर वहीत लिहिला. दुसऱ्या दिवशी ताई बँकेत गेल्या आणि तो नंबर दाखवला. साहेबांनी बघून सांगितलं, "या खात्यात हा नंबर आलेलाच नाही."

इथे बऱ्याच जणी हताश होतात आणि ॲपला खोटं ठरवतात. पण या उत्तराचा अर्थ वेगळा आहे. नंबर आहे म्हणजे पैसे कुठेतरी निघालेत. या खात्यात नाहीत म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात आहेत, किंवा अडकून कंपनीकडे परत गेलेत. मी ताईंना विचारलं, "तुमचं अजून एखादं खातं आहे का?" त्या नाही म्हणाल्या. मग यूपीआय उघडून खात्यांची यादी बघितली. ‘Primary’ पुढे बँकेचं खातं नव्हतंच. पोस्टमनने मागे घरी येऊन उघडून दिलेलं पोस्टाचं खातं होतं. मुलाने यूपीआय चालू करताना तेच जोडलं होतं. ताईंना ते विस्मरणात गेलेलं. शिल्लक बघितली, व्यवहारांची यादी उघडली, आणि 14 तारखेला 1,499 जमा, शेजारी तोच 12 आकडी नंबर. मेसेजही आलेला होता, इंग्रजीत, जाहिरातींच्या ढिगाऱ्यात.

ताई हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. म्हणाल्या, "मॅडम, हे आता सगळ्यांसमोर वाचून दाखवा." पुढच्या बैठकीत मी तो नंबर ॲपवरून आणि खात्यावरून, दोन्हीकडून वाचून दाखवला.

तुमच्या बाबतीत तो नंबर कुठल्याच खात्यात सापडला नाही तर? मग ॲपच्या मदत विभागात जाऊन एवढंच विचारा: "या यूटीआर नंबरचे पैसे कोणत्या खात्यात गेले, त्याचे शेवटचे चार आकडे सांगा. पैसे परत आले असतील तर नवीन खातं देते." आणि ‘Refund completed’ म्हणतात पण नंबरच दाखवत नाहीत, असं असेल तर आधी नंबर मागा. नंबराशिवाय बँकेत जाऊन फेरी वाया घालवू नका, कारण बँकेकडे शोधायला काहीच नसतं.

वाट बघण्याच्या दिवसांतला धोका

पैसे येईनात की माणूस इंटरनेटवर 'कस्टमर केअर नंबर' शोधतो. तिथे ठगांनी टाकलेले नंबरही असतात. आमच्या ताईंच्या मुलाने असाच एक नंबर शोधला होता. पलीकडचा गोड बोलला, "रिफंड पाठवतो, फक्त पिन टाका." मुलाने फोन ठेवला, म्हणून वाचलो.

एकच खूण धरून चाला. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन लागला म्हणजे पैसे तुमच्याकडून जात आहेत. क्यूआर कोड स्कॅन करा, हे ॲप डाउनलोड करा, मोबाईलचा पडदा आम्हाला दाखवा, असं कोणी म्हणालं तरी फोन ठेवा. ओटीपीचं थोडं वेगळं आहे. वस्तू देता-घेताना दारात आलेल्या माणसाला काही ॲपचा कोड द्यावा लागतो. पण आधी तो मेसेज पूर्ण वाचा किंवा वाचून घ्या, तो पार्सलचा आहे की बँकेचा. बँकेचा असेल तर कोणालाही नाही. मदतीचा नंबर फक्त ॲपच्या आतून घ्यायचा. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता 1930 वर फोन करा.

ऐकलंच नाही तर

ॲपच्या मदत विभागाने दाद दिली नाही, तर प्रत्येक कंपनीला एक तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याचं नाव आणि संपर्क ॲपवर किंवा वेबसाइटवर असतो, ‘Grievance Officer’ या शब्दाखाली. नियमाप्रमाणे त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात ती सोडवायची असते.

त्यानेही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर 1915. फोन फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. ते तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवतात आणि तुम्हाला तक्रार क्रमांक देतात. ही हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, ती मध्यस्थी करते. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही.

1915 वर बोलताना लांब कहाणी लागत नाही. असं सांगितलं तरी पुरतं:

"मी अमुक तारखेला सील मशीन मागवलं, ऑर्डर क्रमांक हा. 12 इंच सांगून 8 इंच आलं. 5 तारखेला परतीची विनंती केली, 8 तारखेला वस्तू नेली. 1,499 रुपये मिळाले नाहीत. कंपनीकडे तक्रार केली, तिचा क्रमांक हा. फोटो आणि मेसेज माझ्याकडे आहेत. मला पैसे परत हवेत."

गटाचे पैसे असतील तर वहीत कसं लिहायचं

आमच्या गटात कुजबूज का झाली, याचं खरं कारण वहीत होतं. 1,509 रुपये 'मशीन खरेदी' म्हणून खर्ची पडले होते. मशीन परत गेलं, तेव्हा वहीत काहीच लिहिलं नाही. त्यामुळे पैसे सचिव ताईंकडे आहेत की कंपनीकडे, हे कोणाला सांगता येईना.

आता त्यांनी असं केलं. इतिवृत्तात वस्तू परत केल्याची तारीख, कारण आणि पैसे कोणाच्या खात्यात येणार ते लिहिलं. पैसे दिसले त्या दिवशी ताईंनी ते काढले, गटाच्या बँक खात्यात भरले आणि स्लिप वहीला चिकटवली. कॅशबुकात 1,499 जमा, पुढे यूटीआर नंबर. उरलेले 10 रुपये कंपनीने परत दिले नाहीत, ते खर्चात राहिले. तेही वाचून दाखवले, म्हणजे दहा रुपयांचाही प्रश्न राहिला नाही.

पुढच्या बैठकीत करून बघा

वहीच्या एका पानावर सहा रकाने आखा: ऑर्डर क्रमांक, वस्तू आल्याची तारीख, परतीची शेवटची तारीख, वस्तू नेल्याची तारीख, यूटीआर नंबर, पैसे दिसल्याची तारीख. ज्या ताईंनी या वर्षी काही परत केलं असेल, त्यांनी ते रकाने भरायचे. पाचवा रकाना रिकामा राहिला, तर बैठकीतच ॲप उघडून नंबर शोधा.

आणि ज्यांच्या मोबाईलवर यूपीआय आहे, त्या प्रत्येकीने ‘Primary’ पुढे कोणतं खातं आहे ते एकमेकींना दाखवा. फक्त खात्याचं नाव दाखवायचं. पिन टाकताना मोबाईल दुसरीकडे वळवायचा, अगदी माझ्यासमोरही.

— तुमची क्षेत्र समन्वयक